फ्रिज घ्यावा की पाटी मोठी करावी?



देवलापारकडच्या एका गोंड टोल्यातील बचत गटाच्या बाया या वर्षी किराणा दुकान काढणार आहेत. भांडवलाचा काही भाग तुमच्या दानातून जात आहे. रामटेकला गडमंदिराच्या वाटेवर माझे छोटे दुकान आहे, म्हणून त्यांना हिशेब समजावण्याचे काम माझ्याकडे आले. मी त्यांना माझाच हिशेब दाखवला.

दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर दोन वस्तू होत्या. काचेच्या दाराचा फ्रिज 24,000 रुपयांना आणि लोखंडी चौकटीची, दिव्याची मोठी पाटी 8,000 रुपयांना. दोन्हींपुरते पैसे नव्हते. गुंतवणुकीवरचा परतावा म्हणजे एवढेच, की त्या वस्तूमुळे वर्षाला जास्तीचा निव्वळ नफा किती होतो, आणि तो घातलेल्या रकमेच्या शेकडा किती पडतो. यातला ‘जास्तीचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जे गिऱ्हाईक तसेही येणारच होते, त्याचा पैसा यात धरायचा नाही.

आधी मी मोजले. एक उन्हाळा बर्फाच्या पेटीत पाणी, ताक आणि थंड पेये ठेवली. इतर महिन्यांत कोणी दही किंवा थंड बाटली मागून रिकाम्या हाताने परत गेले, की वहीत रेघ ओढली. त्यावरून अंदाज निघाला, की मार्च ते जून रोज 1,000 रुपयांची जास्तीची विक्री होईल. हजार ऐकून मीही हुरळलो होतो. पण गल्ल्यात आलेला पैसा म्हणजे नफा नव्हे. माल विकत आणायचा खर्च वजा जाता हजारात दीडशे उरतात, म्हणजे महिन्याला 4,500. त्यातून विजेचे 1,200 आणि नासलेल्या दुधादह्याचे 300 गेले, उरले 3,000. उन्हाळ्याच्या चार महिन्यांचे 12,000 झाले. बाकीच्या आठ महिन्यांत वीज जाऊन जेमतेम तीनशे उरतात, त्यांचे 2,400. वर्षाचे एकूण 14,400, म्हणजे शेकडा 60.

पाटीसाठी कोपऱ्यावर हाताने रंगवलेला पुठ्ठा पंधरा दिवस टांगला आणि नव्या चेहऱ्यांना विचारत गेलो, “दुकान कसं सापडलं?” हे पंधरा दिवस मुद्दाम जत्रेबाहेरचे घेतले. त्रिपुरी पौर्णिमेला मोजले असते, तर गर्दीचे श्रेय पुठ्ठ्याला गेले असते. रोज चार नवी माणसे पुठ्ठा पाहून आली आणि प्रत्येकाने साधारण चाळीस रुपयांचा माल घेतला. नफा रोजचा 24 रुपये. वर्षाला दिव्याची वीज वजा जाता 7,440, म्हणजे शेकडा 93!

इथे गटातली एक बाई म्हणाली, “मंग भाऊ, पाटीच बरी ना!”

मलाही आधी तसेच वाटले होते. पण आपल्याकडच्या उन्हात फ्लेक्स दोन वर्षांत पांढरा पडतो, फाटतो. फ्रिज सांभाळला तर आठ वर्षे चालतो. म्हणून पाटीच्या नफ्यातून दरवर्षी 4,000 झिजेचे काढावे लागतात, फ्रिजच्या नफ्यातून 3,000. मग पाटीचे उरतात 3,440, शेकडा 43. फ्रिजचे 11,400, शेकडा साडेसत्तेचाळीस. अंतर थोडेच आहे, आणि शेकडेवारी सारखी असली तरी घरात येणारे रुपये सारखे नसतात. मी फ्रिज घेतला. (पेयाच्या कंपन्या कधी कधी फ्रिज फुकट देतात, पण त्यात त्यांचाच माल ठेवायची अट असते. माझे दूध-दही कुठे ठेवू?)

पहिल्याच मे महिन्यात फजिती झाली. दुपारी वीज गेली ती रात्रीच आली आणि दुधाच्या पिशव्या फेकाव्या लागल्या. त्या महिन्याचे नासके तीनशेवर न थांबता नऊशेवर गेले. तेव्हापासून वीज गेलेले तासही वहीत लिहितो.

मग त्यांच्या टोल्याचा हिशेब मांडायला बसलो. पाटीचा प्रश्न एका आजीने मिटवला, “आमच्या टोल्यात दुकान कुठं हाये, हे सांगाले पाटी कायले पाह्यजे?” बरोबरच आहे, तिथे नवे गिऱ्हाईक पाटीमुळे येणार नाही. फ्रिजसाठी मात्र माझे आकडे तिथे लावता येत नाहीत. घरे थोडी, मजुरीचा पैसा आठवड्याच्या बाजाराला हाती येतो आणि वीज माझ्यापेक्षा जास्त वेळा जाते. रोजची विक्री हजाराऐवजी तीनशे झाली, तर नफा 45 रुपये, आणि त्यातले 40 विजेलाच जातात. नासलेला माल तर वेगळाच.

काही हितचिंतकांनी फ्रिज भेट देण्याची इच्छा दाखवली आहे. फुकट आला तरी विजेचे बिल गटालाच भरावे लागेल, म्हणून त्यांना जरा थांबायला सांगितले आहे. माझी जुनी बर्फाची पेटी गटाकडे दिली आहे. भिंतीवर कोळशाने दोन रकाने आखले आहेत, एक थंड वस्तू मागणाऱ्यांचा आणि दुसरा वीज गेलेल्या तासांचा. लिहिता न येणाऱ्या बायाही त्यात रेघ ओढतात. जूनअखेर त्या रेघा मोजू.