चेहरा कापला जाऊ नये म्हणून

महाडला २० मार्चला चवदार तळ्यावर देशभरातून माणसं येतात. १९२७ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, म्हणून. त्याच्या आधी काही दिवस कार्यक्रमाच्या पानांच्या लिंक व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात, आणि लिंकखाली जे छोटं कार्ड उमटतं त्यात बाबासाहेबांच्या पुतळ्याचा कोट दिसतो, हात दिसतो, पण चेहरा नसतो. पाहणाऱ्याला हा सरळ अवमान वाटतो, आणि त्याचं चुकत नाही. पान उघडलं तर आत फोटो पूर्ण असतो, त्यामुळे पान तयार करणाऱ्याला दोष आपल्याकडे आहे हेच पटत नाही. लिंकच्या कार्डासाठी वेगळं चित्र करावंच लागतं आणि त्यातला महत्त्वाचा भाग मधल्या चौकोनातच बसवावा लागतो, असं माझं ठाम मत अशी पानं पाहून आणि दुरुस्त करून झालं आहे. ते का, हे एकाच फोटोचं गणित मांडून सांगतो.

समजा पुतळ्याचा फोटो मोबाइल उभा धरून काढला आहे, ३००० पिक्सेल रुंद आणि ४००० पिक्सेल उंच. फेसबुकसारख्या ठिकाणचं मोठं कार्ड आडवं असतं. त्याची रुंदी उंचीच्या १.९१ पट. म्हणजे ३००० रुंदीला उंची मिळते फक्त १५७१. बहुतेक ठिकाणी हा तुकडा फोटोच्या मध्यातून घेतला जातो, तेव्हा वरचे सुमारे १२१५ आणि खालचे तेवढेच पिक्सेल गळतात. उभ्या पुतळ्याचा चेहरा वरच्या भागात, समजा वरून ७०० ते ११०० पिक्सेलच्या पट्ट्यात असतो. तो अख्खाच्या अख्खा गेला. आता हाच फोटो जिथे लहान चौकोनी चित्र म्हणून दिसतो तिथे काय होतं ते पाहा. तिथे ३००० बाय ३००० चा तुकडा घेतला जातो, वरचे फक्त ५०० पिक्सेल जातात आणि चेहरा शाबूत राहतो. ‘माझ्या फोनवर तर बरोबर दिसतंय’ असं एक जण म्हणतो आणि दुसरा त्याला चेहरा नसलेलं कार्ड दाखवतो, त्या वादाचं मूळ इथे आहे. दोघंही खरं बोलत असतात. फोटो एकच, खिडक्या दोन.

या दोन्ही खिडक्यांत टिकणारं चित्र करायचं तर १२०० बाय ६३० पिक्सेलचा आडवा कागद घ्यावा. हे माप फेसबुकनेच सुचवलेलं आहे आणि बहुतेक ठिकाणी चालतं. एक्सचं मोठं कार्ड दोनास एक प्रमाणाचं मानलं जातं. तिथे वर-खाली पंधरा-पंधरा पिक्सेल कमी झाले तरी बिघडत नाही. चौकोनी खिडकीत मात्र डाव्या आणि उजव्या बाजूचे २८५ पिक्सेल जातात आणि मधला ६३० बाय ६३० चा चौकोन उरतो. जे दिसलंच पाहिजे ते त्याच चौकोनात, कडांपासून थोडं आत ठेवायचं. आपल्या पुतळ्याच्या फोटोची उंची ६३० केली की रुंदी साधारण ४७२ होते. तो कागदाच्या मधोमध बसवला की दोन्ही बाजूंना ३६४ पिक्सेल मोकळे राहतात. तिथे फोटोतल्या आकाशाशी जुळणारा एक साधा रंग भरायचा. पुतळा डोक्यापासून पायापर्यंत आडव्या कार्डातही दिसतो आणि चौकोनातही. चेहरा मोठा हवा असेल तर मूळ फोटोतून ३००० बाय १५७५ चा तुकडा आपणच कापायचा. वरून ४५० पिक्सेल सोडले की चेहरा आणि छाती नीट मावतात. कापणं टळत नाही, पण कुठे कापायचं ते आपण ठरवतो.

यावर एक चांगला आक्षेप येतो: मग सरळ चौकोनी चित्रच का देऊ नये? १२०० बाय १२०० च्या चित्राचा मधला ६२८ उंचीचा पट्टा आडव्या कार्डातही दिसेलच. हिशेब बरोबर आहे. पण मग दोन्हीकडे टिकणारा मजकूर त्या पट्ट्यातच मावायला हवा, आणि लहान चौकोनी चित्रात तो पट्टा जेमतेम अर्धी उंची व्यापतो. जिथे जागा सर्वांत कमी तिथेच विषय सर्वांत बारीक होतो. आडव्या कागदाच्या मध्यावर ठेवलेला विषय लहान चौकोन पूर्ण भरतो, आणि मोठ्या कार्डात बाजूला मोकळी जागा राहिली तर कोणाचं काही अडत नाही. दुसरा आक्षेप असा की वेगवेगळ्या मापांची दोन-तीन चित्रं द्यावीत आणि ज्याने त्याने आपल्याला हवं ते घ्यावं. तशी अनेक चित्रं लिहिता येतात, पण कोणतं उचलायचं हे समोरचं ॲप ठरवतं आणि पुष्कळदा पहिलंच उचलतं. त्यामुळे भरवसा एकाच नीट केलेल्या चित्रावर ठेवावा.

पानाच्या वरच्या, न दिसणाऱ्या भागात त्या चित्राचा पूर्ण पत्ता आणि माप असं लिहायचं; पत्ता https पासून सुरू झाला नाही तर चित्र अनेकदा येतच नाही.

```html
<meta property="og:image" content="https://example.org/chavdar-card.jpg">
<meta property="og:image:width" content="1200">
<meta property="og:image:height" content="630">
```

माप लिहिण्याचं कारण असं की ते नसेल तर फेसबुकला आधी चित्र उतरवून तपासावं लागतं आणि पहिल्यांदा शेअर करणाऱ्याला कार्ड चित्राविना दिसू शकतं. फाइल जेपीजी आणि ३०० केबीच्या आत ठेवावी. व्हॉट्सॲपची स्वतःची मर्यादा ६०० केबीची आहे, पण पोलादपूरच्या घाटाकडच्या वाड्यांतल्या कमजोर नेटवर्कचा विचार करून मी त्याच्या निम्म्यावर थांबायला सांगतो. व्हॉट्सॲपवर ते कार्ड पाठवणाऱ्याच्याच फोनवर तयार होतं. नेटवर्क रखडलं आणि चित्र उतरायच्या आत माणसाने पाठवायचं बटण दाबलं, तर नुसती लिंक जाते.

कार्ड पाठवणाऱ्याकडे तयार होतं याचा दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. एकदा गेलेल्या संदेशातलं चित्र नंतर बदलत नाही. २२ जुलै २०२१ ला सावित्री नदीचं पाणी महाड शहरात शिरलं आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हापासून पावसाळ्यात पुराच्या आणि रस्ते बंद असल्याच्या सूचना इथे फार गांभीर्याने वाचल्या जातात. अशा पानाच्या कार्डावर ‘आंबेनळी घाट बंद’ असं चित्रातच लिहिलं तर घाट सुरू झाल्यावरही ते कार्ड गटागटांतून पुढे जात राहील. बदलणारी माहिती पानाच्या आत ठेवावी. कार्डावर फक्त जागेचं नाव आणि विषय. कार्यक्रमाची वेळ, पाण्याची पातळी, संपर्क क्रमांक यांनाही हाच नियम. उभी निमंत्रणपत्रिका जशीच्या तशी कार्डाला जोडणं तर दुहेरी चूक ठरते: तारीख बहुधा वर किंवा तळाशी असते म्हणून ती कापली जाते, आणि वाचली तरी पुढे बदलता येत नाही.

उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीचं पान असो की रायगडाचं, पहिल्यांदा लिंक बाहेर सोडण्याआधी ती स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून पाहा आणि फेसबुकच्या Sharing Debugger मध्येही टाकून बघा. चित्र चुकलं असेल तर ते दुरुस्त करून नव्या नावाने चढवा, पानातला चित्राचा पत्ताही बदला आणि Debugger मधलं Scrape Again दाबा. जुन्याच नावाने चढवलं तर साठवून ठेवलेलं आधीचंच चित्र पुन्हा दिसू शकतं. हे सगळं गटावर लिंक टाकण्याच्या आधी करा, कारण नंतर तो पहिला संदेश तुमच्या हातात राहत नाही.