मघाशी तू म्हणालास...

मुलीबरोबर चहाला गेलेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच पुरुष. आईवडिलांची पहिली भेट कांदेपोह्यांच्या बशीवरून झाली. तिथे बोलणे चालू ठेवण्याची जबाबदारी मामांवर होती. माझ्या मदतीला मामा नव्हते, म्हणून हा अभ्यास मलाच करावा लागला.

गेल्या श्रावणात वर्गातली एक मुलगी चहाला यायला तयार झाली. बसताच मी विचारले, "तुमच्या घरी कोण कोण असतं?" उत्तर आले. "गाव कोणतं?" उत्तर आले. "वाचायला आवडतं?" "हो." आणि शांतता पसरली. मी छताचा पंखा पाहू लागलो. आता कळते की मी तिच्या एकाही उत्तराला हात लावला नव्हता. जनगणनेचा कागद भरून झाला होता, इतकेच.

अशी शांतता फार लांब का वाटते? दहा भाषांतील संभाषणांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न आणि उत्तर यांत सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढेच अंतर पडते, असे त्यात आढळले. या सवयीच्या कानाला चार सेकंदही युगासारखे वाटतात, आणि 'आपण नावडलो' अशी शंका मनात येते. घाबरून मी विचारले, "बाकी काय?" हा प्रश्न सर्वांत वाईट. त्यात विषय काहीच नसतो. आपले ओझे मात्र समोरच्याच्या डोक्यावर जाते.

तिने घाई केली नाही. चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाली, "मघाशी तू म्हणालास, पहिल्या एसटीने येतोस. मग आई डबा कधी करते रे?"

मी दहा मिनिटे बोललो! आई चार वाजता उठते, भाकरी गरम असतानाच बांधते, म्हणून दुपारी डब्याचे झाकण निघत नाही. मग मी विचारले, "आणि तुझा डबा?" तिची आई रात्रपाळीला जाते, त्यामुळे डबा तीच करते. 'तुम्ही'चे 'तू' कधी झाले, ते कळलेही नाही.

तिने नवा विषय शोधला नव्हता. मीच टाकून दिलेला धागा उचलला होता. तो लहान होता, माझ्या रोजच्या जगण्यातला होता, आणि 'हो' म्हणून संपणारा नव्हता. शिवाय 'मघाशी' या शब्दामुळे मागे जाणे ओढूनताणून वाटले नाही. असा धागा हाती लागायचा तर आधीचे नीट ऐकलेले हवे. मी तर पुढचा प्रश्न जुळवत बसलो होतो. (खिशातून मोबाईल काढणाऱ्याला तर काहीच सापडणार नाही.)

प्रत्येक शांतता भरायची नसते. चहा पिताना माणसे गप्प बसतातच. पण दोन धागे उचलूनही एका शब्दात उत्तर आले, उलट प्रश्न आला नाही आणि हात पर्सच्या पट्ट्यावर गेला, तर ती शांतता हेच उत्तर. तेव्हा "निघू या का?" असे आपणच म्हणावे. त्या दिवशी ते मलाच म्हणावे लागले, पण माझी शेवटची एसटी सहाची होती म्हणून.