हिस्टरी उघडली, तोंडं मिटली

मार्च २०२० मध्ये पुण्यातलं ऑफिस बंद झालं आणि मी लॅपटॉप घेऊन येडशीला घरी आलो. माडीवरच्या खोलीत टेबल मांडलं. पाऊस सुरू झाला आणि रामलिंगच्या घाटाकडून ढग उतरले की नेटवर्क अडखळायचं. म्हणून आम्ही सगळ्यांनीच कॅमेरे बंद ठेवायची सवय लावून घेतली. समोर सात काळे चौकोन आणि त्यांना प्रश्न विचारणारा मी, असा आमचा दर दुसऱ्या शुक्रवारचा रेट्रो चालायचा.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॉफ्टवेअरचं काम आम्ही दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत करतो, त्या तुकड्याला स्प्रिंट म्हणतात. स्प्रिंट संपला की टीम एकत्र बसून काय जमलं, काय अडलं, पुढच्या वेळी काय बदलायचं हे ठरवते. ही बैठक म्हणजे रेट्रोस्पेक्टिव्ह. ती घेण्याचं काम माझ्याकडे होतं.

आमच्या रेट्रोत कोणी बोलायचं नाही. ‘सगळं ठीक आहे सर’, ‘टीमवर्क चांगलं झालं’, बस्स. कंपनीत सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारायची असा नियम होता. पण सोलापूर, लातूर, बीडकडून आलेली आमची पोरं मला ‘सर’च म्हणायची आणि मलाही ते आवडायचं, हे आता कबूल करतो. सरांपुढे सरांच्या स्प्रिंटबद्दल कोण वाईट बोलणार?

तोंडी बोलत नाहीत तर लिहून घेऊ, असं मी ठरवलं. एक सामायिक स्प्रेडशीट केली आणि सांगितलं, नाव लिहू नका, मनातलं लिहा. जूनमधल्या एका रेट्रोत त्यात एक ओळ आली: ‘शेवटच्या दिवशी टेस्टिंग होत नाही, तरी स्टोरी डनमध्ये जाते.’

ओळ खरी होती. दर स्प्रिंटच्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी डेव्हलपर घाईघाईने कामं टेस्टिंगला ढकलायचे, टेस्टरला रात्रभरात जमेल तेवढं बघायला लागायचं आणि शुक्रवारी सकाळी सगळी कार्डं बोर्डावर ‘डन’च्या रांगेत जायची. पूर्ण झालेल्या कामाचे पॉइंट मॅनेजर साहेबांच्या तक्त्यात दिसायचे ना!

त्या दिवशी बैठक संपल्यावर मी शीटची व्हर्जन हिस्टरी उघडली. सगळे ऑफिसच्या खात्यातून लिहीत असल्यामुळे कोणत्या खान्यात कोणी काय टाकलं ते नावासकट दिसत होतं. कुतूहल, दुसरं काही नाही. आमच्या टेस्टरने लिहिलं होतं. मी तिला फोन करून म्हणालो, ‘तू लिहिलंस ते अगदी बरोबर आहे, असंच मोकळेपणाने लिहीत जा.’ मला वाटलं, मी तिचं कौतुक करतोय. पलीकडून फक्त ‘हो सर’ आलं.

पुढच्या रेट्रोत शीटमध्ये सात ओळी होत्या आणि सातही गोड होत्या.

ऑगस्टमध्ये दणका बसला. कर्जाच्या हप्त्याची आठवण देणारे एसएमएस आमच्या प्रणालीतून जायचे. एसएमएस कंपनीकडून पोचपावती उशिरा आली तर आमचा प्रोग्राम संदेश गेलाच नाही असं समजून तो पुन्हा पाठवायचा. एका रात्री पलीकडचा सर्व्हर मंदावला आणि एकेका कर्जदाराला तोच संदेश तीन-तीनदा गेला. टाळेबंदीत हाताला काम नसलेल्या माणसाला मध्यरात्री तीनदा हप्त्याची आठवण! हे काम गुरुवारी संध्याकाळी टेस्टिंगला आलं होतं. पोचपावती उशिरा आल्यास काय होतं, ही चाचणी यादीत लिहिलेली होती. ती चालवायला वेळच मिळाला नव्हता. टीममधल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

मी वैतागून जेवताना आईला सांगितलं, की आमची माणसं बैठकीत तोंडच उघडत नाहीत. आई बचत गटात. ती म्हणाली, ‘गावचे समदे मोठे लोक पुढं बसल्यावर बायका काय बोलणार? म्हणून तर ग्रामसभेच्या आधी आमची येगळी महिला सभा असती. तिथं बोलायचं, मग ते ग्रामसभेत ठेवायचं. तेव्हा ते एकटीचं राहत नाही, समद्या बायकांचं होतं.’ ग्रामसभेआधी महिला सभा ही महाराष्ट्रात कायद्यातलीच तरतूद आहे. आमच्या क्षेत्रातली पुस्तकं मी वाचली होती, पण मला वाट सापडली ती आईच्या ‘एकटीचं राहत नाही’ या शब्दांत.

मात्र त्याआधी एक गोष्ट उरकायची होती. पुढच्या रेट्रोच्या सुरुवातीला मी सांगितलं, की जूनमध्ये मी हिस्टरी उघडली होती आणि कोणी लिहिलं ते पाहिलं होतं. ‘चालतंय सर’ असं कोणीही म्हणालं नाही. बरंच झालं, कारण ते चालण्यासारखं नव्हतंच. तुमच्या हातून असं काही घडलं असेल तर नवे खेळ आणि नवे तक्ते आणण्याआधी हे सांगून टाका. टीमला ते आधीच माहीत असतं.

मग एक साधं मतदान घेतलं. एस्थर डर्बी आणि डायना लार्सन यांच्या २००६ च्या ‘अजाइल रेट्रोस्पेक्टिव्ह्ज’सारख्या पुस्तकांमुळे रुळलेल्या पद्धतींपैकी ही एक. इथे मोकळं बोलणं किती सुरक्षित वाटतं, याला प्रत्येकाने १ ते ५ पैकी एक आकडा द्यायचा, निनावी. या वेळी ईमेल न नोंदवणारा फॉर्म वापरला आणि तो मी नाही, दुसऱ्या टीममधल्या एका सहकाऱ्याने बनवला. निकालात दोन चौके, एक तिय्या, तीन दुय्ये आणि एक एक्का आला. पाच कोणीच दिले नव्हते.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘दोन का दिले?’ असं विचारणं. त्याने दोन देणारा बिळात जातो. मी विचारलं, ‘अशाच एखाद्या टीममधल्या माणसाने दोन दिले, तर त्याची कारणं काय असू शकतील?’ प्रश्न परक्याबद्दलचा झाला आणि उत्तरं फॉर्मवर भराभर आली. अप्रेझल जवळ आलंय. बैठकीचं रेकॉर्डिंग होतं आणि ते मॅनेजर ऐकतात. बोललो तर ते काम आपल्याच गळ्यात पडतं. रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं. त्याच मिनिटाला बंद केलं. आकडे इतके खाली असतील तर त्या दिवशी स्प्रिंटची चिरफाड करायला जाऊ नका. भीतीची कारणं ऐकून त्यातलं एखादं तिथल्या तिथे दूर करता आलं तर तेवढं पुरे.

त्यानंतरच्या रेट्रोत ‘काय चुकलं?’ हा प्रश्नच काढून टाकला. त्याऐवजी बोर्डावरच्या तारखा सगळ्यांसमोर मांडल्या. नऊ स्टोऱ्यांपैकी पाच शेवटच्या दोन दिवसांत टेस्टिंगला आल्या होत्या. हे कोणाचं मत नव्हतं, कोणाची तक्रार नव्हती. टेस्टरला जे बोलायला धीर लागत होता, ते बोर्ड फुकटात बोलला. आधी माहिती गोळा करायची आणि मग अर्थ लावायचा हा क्रम जुनाच आहे, पण घाबरलेल्या टीमसाठी तो जास्त लागू पडतो, कारण तारखेचं अक्षर कोणी ओळखत नाही. निनावी चिठ्ठीचं मात्र ओळखतात. सात जणांत इंग्रजी लिपीत मराठी कोण लिहितं आणि प्रत्येक वाक्यामागे तीन टिंबं कोण देतं, हे सगळ्यांना माहीत असतं.

मग आईची महिला सभा. सात जणांचे तीन गट केले, दोन जोड्या आणि एक तिघांचा, आणि पंधरा मिनिटं त्यांना वेगवेगळ्या कॉलवर सोडलं. त्यात मी नाही, मॅनेजर नाहीत. परत आल्यावर प्रत्येक गटाने एकच गोष्ट सांगायची आणि सुरुवात ‘आम्हाला वाटलं’ अशी करायची. तिन्ही गटांकडून शब्द वेगळे आले, गोष्ट एकच आली: पॉइंट दिसावेत म्हणून आपण अर्धवट कामाला पूर्ण म्हणतो. मी ते लिहून घेतलं आणि गप्प बसलो. खुलासा करायला जीभ वळवळत होती, हे सांगायला हवं.

उपाय या एकाच गोष्टीवर ठरवला. दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारनंतर नवी स्टोरी हातात घ्यायची नाही, डेव्हलपरनेही टेस्टिंगला हात लावायचा आणि चाचण्या पूर्ण झाल्याशिवाय कार्ड ‘डन’मध्ये न्यायचं नाही. याची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली, कारण बोलणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं ही तक्रार ताजी होती. नव्या हिशेबाने पॉइंट ३४ वरून २३ वर येणार, हे मॅनेजर साहेबांना मी स्प्रिंट सुरू होण्याआधीच सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. शिव्या कोणाला खाव्या लागल्या असतील तर त्या मला. टीमने हे पाहिलं आणि माझ्या मते त्या एका गोष्टीने सगळ्या फॉर्मांपेक्षा जास्त काम केलं.

काही गोष्टी आमच्याकडे फसल्याही. नॉर्म कर्थ यांचं २००१ मधलं एक प्रसिद्ध निवेदन रेट्रोच्या सुरुवातीला वाचतात. प्रत्येकाने त्या परिस्थितीत आपल्या परीने उत्तम काम केलं असं धरून चालू, असा त्याचा आशय. मी ते वाचलं तर शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं झालं, सगळे मनातल्या मनात सावधान. सोडून दिलं.

आणखी एक इशारा. लोक बोलू लागले की तक्रारी वाढतात. आमच्या मॅनेजरना वाटलं, टीम बिघडली. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या चाललेल्या गटांत चुकांची नोंद उलट जास्त सापडली. तिथे चुका जास्त होत होत्या असं नव्हे, तिथे त्या सांगितल्या जात होत्या. हे मी साहेबांना सांगितलं. पटलं की नाही, माहीत नाही. पण रेट्रोत येण्याचा आग्रह त्यांनी सोडला.

कोणी कोणाला त्रास देत असेल, तर तो विषय रेट्रोत आणू नका. त्यासाठी कंपनीत वेगळी वाट असते, आणि तक्रार लैंगिक छळाची असेल तर अंतर्गत समिती. आणि बोलल्यामुळे खरोखरच कोणाची पगारवाढ अडली असेल, तर तिथे लोक गप्प बसतात तो त्यांचा शहाणपणा आहे. अशा ठिकाणी ‘मोकळेपणाने बोला’ म्हणणं हा अन्याय आहे.

चार महिन्यांनी तेच मतदान पुन्हा घेतलं. तीन चौके, तीन तिय्ये, एक दुय्या. पाच तेव्हाही कोणी दिले नाहीत. दुय्या कोणाचा, ते मी शोधलं नाही. तुमच्या पुढच्या रेट्रोआधी एवढं पाहा: आमंत्रणात कोणाकोणाची नावं आहेत, रेकॉर्डिंग चालू आहे का, आणि लिहायला दिलेल्या कागदाची हिस्टरी कोणाला उघडता येते.