नोंद नसलेलं साठेखत आणि दाव्याची नोटीस

चि. भाचीस,



तुझ्या अशिलाची कागदपत्रं वाचली. जबाबाचा जो कच्चा मसुदा तू केला आहेस, त्याचा सगळा भार मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३-अ वर आहे. तो भार तिथून उचल. या प्रकरणात ते कलम तुझ्या उपयोगाचं नाही, आणि जे उपयोगाचं आहे ते मसुद्यात कुठेच नाही.

आधी प्रकरण माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे कळेल. पुण्याजवळचं एक बैठं घर, किंमत साठ लाख. ५ मार्च २०२२ रोजी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर साठेखत झालं, नोटरीचा शिक्का बसला, पण दुय्यम निबंधकाकडे कोणी गेलं नाही. तुझ्या अशिलाने पस्तीस लाख बँकेमार्फत दिले, ताबा त्याच दिवशी मिळाला. उरलेले पंचवीस लाख ५ सप्टेंबर २०२२ पर्यंत खरेदीखताच्या वेळी द्यायचे होते. विकणाऱ्याने टाळाटाळ केली. अखेर १० जून २०२५ रोजी करारपूर्तीचा दावा दाखल झाला. २१ जुलैला विकणाऱ्याने तेच घर तिसऱ्या माणसाला नोंदणीकृत खरेदीखताने विकलं, आणि आता त्या तिसऱ्याने ताबा मागणारा दावा आणला आहे.

कलम ५३-अ मूळ कायद्यात नव्हतं, १९२९ मध्ये आलं. लेखी करारावर विसंबून ज्याने ताबा घेतला, कराराच्या पूर्ततेसाठी काही केलं आणि आपला उरलेला वाटा पुरा करायची तयारी ठेवली, त्याला विकणाऱ्याने केवळ कागद नोंदला नाही म्हणून बाहेर काढू नये, एवढाच त्याचा हेतू होता. ते मालकी देत नाही आणि त्याच्या जोरावर कोणी मालकीचा दावा आणू शकत नाही. ताबा मागणाऱ्या विकणाऱ्यासमोर, किंवा त्याच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यासमोर, बचाव म्हणून उभं राहायचं, इतकंच. हा बचाव विकणाऱ्याशी थेट करार करणाऱ्यालाच मिळतो. साठेखतधारकाकडून पुढे दुसरं साठेखत घेणाऱ्याला तो मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रामभाऊ गजरे प्रकरणात २००४ मध्ये सांगितलं आहे. तुझ्या अशिलाची अडचण मात्र वेगळी आहे. २४ सप्टेंबर २००१ पासून कायदा बदलला. नोंदणी नसली तरी चालेल असं सांगणारे शब्द कलम ५३-अ मधून गाळले गेले, आणि नोंदणी अधिनियमात कलम १७(१-अ) घातलं गेलं. त्याचा अर्थ असा की त्या तारखेनंतर केलेलं असं साठेखत नोंदलेलं नसेल तर कलम ५३-अ पुरतं ते निष्प्रभ आहे. अशा प्रकरणात मी पहिल्यांदा कागदाची तारीख पाहतो ती यासाठीच. कागद १९९८ चा असता तर बचाव शाबूत राहिला असता. करारपूर्तीच्या दाव्याची मुदत उलटून गेली असती तरीही तो घेता आला असता, कारण शामराव सूर्यवंशी प्रकरणात २००२ मध्ये तसंच ठरलं. २०२२ च्या कागदाला ते दार बंद आहे.

यावर तू म्हणशील, हा उलटा न्याय आहे. नोंदणी अधिनियमाच्या कलम ४९ चं परंतुक सांगतं की करारपूर्तीच्या दाव्यात हाच नोंद नसलेला कागद पुरावा म्हणून चालतो. मग ज्या कागदावर न्यायालय खरेदीखत करून द्यायला लावू शकतं, त्याच कागदावर घरात बसून राहता येऊ नये, हे कसं? आक्षेप खरा आहे, पण त्याला उत्तरही आहे. करारपूर्तीच्या दाव्यात न्यायालय करार तपासतं, घेणाऱ्याची तयारी तपासतं आणि शेवटी रीतसर नोंदणीकृत दस्त घडवून आणतं. ५३-अ मध्ये त्या दस्ताची वेळ कधीच येत नाही, माणूस वर्षानुवर्षं ताब्यात राहतो आणि सरकारी दफ्तरात त्याचा मागमूस नसतो. ताबा देऊन खरेदीखत कायमचं टाळायचं आणि सगळा व्यवहार साठेखत अन् कुलमुखत्यारपत्रावर उरकायचा, ही सवय संसदेला मोडायची होती. मला स्वतःला ही दुरुस्ती थोडी कठोर वाटते. नोंदणीचा खर्च वाचवणारा बहुधा विकणारा किंवा मधला दलाल असतो आणि शिक्षा भोगतो पैसे देणारा. पण कलमाची भाषा स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमीर मिन्हाज प्रकरणात हीच विभागणी मान्य केली: करारपूर्तीसाठी कागद चालेल, ५३-अ साठी नाही.

एक गोष्ट नोंदणीत मिसळू नकोस. मुद्रांकाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो आधी येतो. महाराष्ट्रात ताबा देणाऱ्या साठेखतावर खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. पाचशेच्या कागदावर ते साठेखत पुराव्यात येणारच नाही. ते अटकावलं जाईल आणि तुटीचं शुल्क व दंड भरल्यावरच वाचता येईल. प्रतिवादी हा मुद्दा उलटतपासणीच्या आदल्या दिवशी काढतात. तू आत्ताच भरून टाक.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या अशिलाचा ताबा ढाल म्हणून निकामी झाला आहे, पण पुरावा म्हणून तो अजून जिवंत आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुझा मसुदा त्यांची गल्लत करतो. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम १९(ब) सांगतं की करारपूर्तीचा हुकूम नंतरच्या खरेदीदाराविरुद्धही होऊ शकतो. अपवाद फक्त त्याचा, ज्याने मोबदला दिला, सद्भावनेने दिला आणि मूळ कराराची माहिती नसताना दिला. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ३ चं स्पष्टीकरण सांगतं की मिळकतीत जो प्रत्यक्ष ताब्यात आहे, त्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला होती असंच धरलं जाईल. तिसऱ्याने घर घेतलं तेव्हा आत तुझा अशील राहत होता. वीजबिल त्याच्या नावावर, कर पावत्या त्याच्याकडे. दार वाजवून 'तुम्ही इथे कसे?' एवढं विचारलं असतं तर साठेखत समोर आलं असतं. माहिती नव्हती हे सिद्ध करायचं ओझं त्या खरेदीदारावर आहे. म्हणून त्याला करारपूर्तीच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून सामील करून घे आणि मागणी अशी लिही की विकणारा आणि तिसरा या दोघांनी मिळून खरेदीखत करून द्यावं. लाला दुर्गाप्रसाद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्येच हुकूमनाम्याचा हा नमुना ठरवून दिला आहे. दोन्ही दावे एकत्र चालवावेत असाही अर्ज दे, नाहीतर ताब्याचा दावा आधी निकाली निघेल आणि करारपूर्ती कागदावरच राहील.

पण हे सगळं सिद्ध करत बसावं लागतंय, ते १० जूनला एक काम राहून गेलं म्हणून. दावा चालू असताना पक्षकाराने मिळकत विकली तर घेणारा त्या दाव्याच्या निकालाला बांधील राहतो, हे कलम ५२ चं तत्त्व सगळे शिकतात. महाराष्ट्रातला फरक मात्र पुस्तकाच्या तळटीपेत असतो. १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे इथे कलम ५२ नुसत्या दाव्याने लागू होत नाही. दाव्याची नोटीस नोंदणी अधिनियमाच्या कलम १८ खाली दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, आणि ती नोंदल्यानंतर झालेल्या व्यवहारांनाच ते बांधतं. नोटिशीत मालकाचं नाव-पत्ता, मिळकतीचं वर्णन, न्यायालय, दाव्याचं स्वरूप व शीर्षक आणि दाखल केल्याची तारीख, एवढंच लागतं. हेच घर गोव्यात असतं तर १० जूनला वादपत्र दाखल होताच कलम ५२ जागं झालं असतं आणि २१ जुलैची विक्री आपोआप तुझ्या हुकूमनाम्याखाली आली असती. पुण्यात ती येत नाही. आज नोटीस नोंदवलीस तर तिसऱ्याची खरेदी तिच्या कक्षेत येणार नाही. त्याने पुढे चौथ्याला विकलं तर मात्र ती विक्री येईल, म्हणून त्याला प्रतिवादी करून घेतल्यावर दुरुस्त शीर्षकासह नोटीस नोंदवच.

कोणी म्हणेल, कलम १९(ब) आहेच, मग नोटिशीची एवढी घाई कशाला? घाई याकरता, की १९(ब) मध्ये माहिती आणि सद्भावना हे प्रश्न पुराव्यावर लढवावे लागतात. घर बंद असतं, किंवा नुसता मोकळा प्लॉट असता, तर कलम ३ च्या ताब्याच्या आधारावर तुला फारसं काही सांगता आलं नसतं. कलम ५२ लागलं की हे प्रश्नच उरत नाहीत. गुरुस्वामी नाडर प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दावा चालू असताना घेणाऱ्याची सद्भावना १९(ब) खाली त्याला वाचवत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खोट्या नोटरी कागदावर दावा लावून नोटीस नोंदवायची आणि मालकाची मिळकत अडकवून ठेवायची, असं होत नाही का? होतं. पण नोटिशीने विक्री रद्द होत नाही, घेणारा फक्त निकालाला बांधला जातो. शिवाय न्यायालयाच्या परवानगीने आणि त्याने घातलेल्या अटींवर विक्री करायची वाट कलम ५२ मध्येच ठेवली आहे. खऱ्या मालकाने ती मागावी. प्रत्यक्षात अशी नोटीस इंडेक्स टू मध्ये दिसली की बँक कर्ज थांबवते, त्यामुळे मालकाला जाच होतो हे मान्य. तरीही एका घराचे दोनदा पैसे घेतले जाण्यापेक्षा हा जाच मला कमी वाटतो.

राहिलं तयारीचं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर करारपूर्ती नाकारायला न्यायालयाला पूर्वीइतकी मोकळीक नाही, पण कलम १६(क) मधली तयारीची अट कायम आहे. घेणारा करार पुरा करायला सतत तयार आणि राजी होता हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. तुझ्या फायलीत सप्टेंबर २०२२ ते मे २०२५ या काळातलं एकही पत्र नाही. मुदतीच्या बाबतीत तो वाचला, कारण ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं ५ सप्टेंबर २०२५ ला भरणार होती. पण मुदतीत दावा केला म्हणजे तयारी होती असं होत नाही. ते पंचवीस लाख त्या काळात कुठे होते? मुदत ठेव, कर्जमंजुरीचं पत्र, विकणाऱ्याला पाठवलेले मेसेज, जे मिळेल ते काढायला सांग. काहीच नसेल तर या दाव्यातली सर्वांत कच्ची जागा साठेखताची नोंदणी नसून ही आहे. तसं असेल तर पस्तीस लाख व्याजासह परत मिळावेत आणि त्या रकमेचा बोजा मिळकतीवर राहावा ही पर्यायी मागणी वादपत्रात आहे का ते आधी बघ. मला पाठवलेल्या प्रतीत ती दिसली नाही.

दुरुस्तीचा अर्ज आणि नोटिशीचा मसुदा तयार झाला की पाठव. मिळकतीच्या वर्णनात गट नंबर आणि घर नंबर दोन्ही घाल, एकच घातलास तर इंडेक्समध्ये शोधताना सापडत नाही.

तुझा,
मामा