🌾 *तांदूळ ओळखा: आधी मोजा, मग शिजवा, वास शेवटी*



सुगी झाली की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "बाजारातनं बासमती आणला, खरा आहे का?" दुसरा, "आमच्या इंद्रायणीला व्यापारी भाव पाडून मागतोय, म्हणतोय बाजारात यापेक्षा स्वस्त इंद्रायणी मिळते." दोन्हींचं मूळ एकच आहे. तांदूळ नावावर आणि वासावर विकला जातो, आणि या दोन्ही गोष्टी खोट्या करायला सोप्या आहेत. पट्टी आणि पातेलं सहसा फसत नाहीत, म्हणून आजची माहिती त्यांच्यापासून सुरू करू.

*१) नाव म्हणजे काय?*
बासमतीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पंजाब, हरियाणा, हिमाचल, दिल्ली, उत्तराखंड, पश्चिम उत्तर प्रदेश आणि जम्मूकडचा काही भाग एवढंच त्याचं क्षेत्र. म्हणजे पाटणला किंवा शिराळ्याला बासमतीचं बी पेरून पीक आलं, तरी तो तांदूळ बासमती म्हणून विकता येत नाही. "सातारी बासमती" असं पोत्यावर कुणी लिहिलं असेल तर तिथंच थांबा.

आपला इंद्रायणी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला. आंबेमोहर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून तो निघाला आणि १९८७ साली प्रसारित झाला. वास आंबेमोहराकडून आला, पण दाणा वेगळा आहे. आंबेमोहराचा दाणा आखूड, साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, आणि अंगानं जरा जाड. इंद्रायणीचा दाणा लांबट. त्यामुळं लांबट दाण्याच्या पोत्यावर "आंबेमोहर" लिहिलेलं दिसलं, तर ते नाव चुकीचं आहे.

*२) वीस दाण्यांची परीक्षा*
बासमतीसाठी एफएसएसएआयचे नियम १ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहेत. कच्च्या दाण्याची सरासरी लांबी किमान ६.६१ मिलिमीटर हवी, लांबी रुंदीच्या किमान साडेतीन पट हवी, आणि शिजल्यावर दाणा लांबीत किमान १.७ पट व्हायला हवा. हे घरी असं तपासा:

👉 न तुटलेले २० दाणे निवडून घ्या. निवडताना लांब-लांबच उचलू नका, समोर येतील तसे घ्या.
👉 पट्टीला लावून टोकाला टोक जोडत एका रांगेत मांडा. रांग किमान १३.२ सेंटीमीटर भरली पाहिजे.
👉 तेच दाणे आता अंगाला अंग लावून मांडा. लांबीला या रुंदीनं भागा.
👉 दाणे अर्धा तास भिजवा. भरपूर उकळत्या पाण्यात शिजवा, मधला पांढरा ठिपका गेला की काढा. पुन्हा रांग मोजा.

एक उदाहरण घेऊ. समजा, सुट्टा "बासमती" आणला. २० दाण्यांची रांग १३.८ सेंटीमीटर भरली, म्हणजे लांबीत पास. अंगाला अंग लावल्यावर ४.४ भरले. १३.८ भागिले ४.४ म्हणजे ३.१, साडेतीनच्या खाली. शिजल्यावर रांग १९.३ झाली, म्हणजे १.४ पट. खरा असता तर साडेतेवीसच्या आसपास जायला हवी होती. हा तांदूळ लांब आहे, पण बासमती नाही. खरा बासमती शिजताना लांबीत वाढतो, दुसरा लांब तांदूळ बराचसा आडवा फुगतो. नुसती लांबी बघून घेणारा इथंच फसतो.

मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवा. पट्टीवर नापास झालेला तांदूळ बासमती नाही एवढं कळतं. पास झालेला खराच आहे असं नाही, कारण बासमतीसारखे दिसणारे आणि भेसळीला वापरले जाणारे इतर वाणही आहेत. पक्की खात्री फक्त डीएनए तपासणीनं होते. मोठा सौदा असेल तरच तो खर्च परवडतो.

*३) जुना की नवा?*
बासमती वर्ष-दीड वर्ष मुरवला की पाणी जास्त पितो, जास्त लांबतो आणि मोकळा होतो. म्हणून "जुना" म्हटलं की भाव चढतो. रंगावर जाऊ नका. जुना तांदूळ किंचित पिवळसर दिसतो हे खरं, पण उकडा तांदूळही पिवळसरच दिसतो. मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून बघा. नव्याची पेज दाट येते आणि दाणे एकमेकांना धरतात. जुन्याचं पाणी पातळ राहतं.

इंद्रायणीला हा नियम जसाच्या तसा लावू नका. त्याचा भात मुळातच मऊ आणि जरा आसट. गिऱ्हाईक त्यासाठीच येतं. "इंद्रायणी" म्हणून घेतलेल्या तांदळाचा भात बासमतीसारखा सुटा-फडफडीत झाला, तर तो इंद्रायणी नसावा.

*४) वास शेवटी*
बासमती, आंबेमोहर, इंद्रायणी या सगळ्यांच्या सुवासातला मुख्य घटक एकच आहे. कोकणात परसात लावतात त्या बासमतीच्या पानातही तोच असतो, म्हणून साध्या तांदळात ते पान टाकलं तरी घमघमाट सुटतो. त्यामुळं वासावरून वाण ठरत नाही. वरून अर्क मारलाय का, एवढं मात्र कळतं. वाटीभर तांदूळ कोमट पाण्यात दोन-तीनदा चोळून धुवा आणि मग शिजवा. पोतं उघडताना घमघमाट आणि शिजताना काहीच नाही, तर शंका घ्या. दाण्यातला वास उलट शिजतानाच खुलतो.

पण तांदूळ जुना होत जाईल तसा खरा वासही कमी होतो. वास कमी म्हणून लगेच भेसळ ठरवू नका. "दोन वर्षं जुना" आणि "वासाला एकदम ताजा" असं दोन्ही एकदम सांगणाऱ्यापासून मात्र सावध राहा.

*५) कुणाकडून घ्यायचा?*
✅ पक्क्या बिलावर वाणाचं नाव लिहून देणारा. नुसतं "तांदूळ २५ किलो" असेल तर तक्रारीला आधार राहत नाही.
✅ एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असणारा. तो foscos.fssai.gov.in वर टाकून नाव-पत्ता जुळतोय का बघा.
✅ आधी अर्धा किलो नमुना देणारा. माल आल्यावर नमुन्याशी वीस दाणे ताडून घ्या.
फसवणूक दिसली तर बिल आणि शिल्लक माल घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात जा.

*६) आणि आपण विकताना*
हेच आपल्यालाही लागू आहे. भातगिरणीत आधीच्या माणसाचा तांदूळ यंत्रात राहतो, म्हणून पहिले काही किलो वेगळे काढा. पोत्यावर वाण, हंगाम आणि भरडल्याची तारीख लिहा. इंद्रायणीला इंद्रायणीच म्हणा, जादा भावासाठी आंबेमोहर नको. प्रत्येक लॉटमधला एक किलो घरी बांधून ठेवा. "तुमच्या मालात मिक्स आहे" असं व्यापारी म्हणाला, की तोच किलो आणि पट्टी त्याच्यापुढं ठेवा.

शंका असलेला तांदूळ असेल तर अर्धा किलो आणि बिल घेऊन कंपनीच्या कार्यालयात या, सोबत बसून मोजू. 🙏