डीलर म्हणतो ६ टक्के, गल्ल्यात पडतात किती?

डिस्ट्रिब्युटरचा माणूस नवं मॉडेल दाखवतो आणि सांगतो, ‘यात ६ टक्के सुटतात.’ ऑर्डर लिहून देण्याआधी तुम्ही एकच प्रश्न विचारा: ६ टक्के कशावर? खरेदीवर की विक्रीवर? नफा खरेदीच्या किमतीवर मोजला तर तो मार्कअप, विक्रीच्या किमतीवर मोजला तर मार्जिन. रुपये तेच असतात, पण खरेदीचा आकडा लहान असल्यामुळे मार्कअपचे टक्के नेहमी मोठे दिसतात. माल खपवणारा साहजिकच मोठा आकडा सांगतो.

हिशेब सोपा व्हावा म्हणून असा फोन घेऊ, जो तुम्हाला जीएसटी धरून ११,८०० रुपयांना पडतो आणि कंपनीने ठरवलेल्या १२,५०८ रुपयांनाच विकायचा आहे. मोबाईलवर जीएसटी १८ टक्के. तो दोन्हीकडून बाजूला काढा: खरेदी १०,००० रुपये, विक्री १०,६०० रुपये, नफा ६०० रुपये. मार्कअप ६ टक्के. मार्जिन मात्र ६०० भागिले १०,६००, म्हणजे ५.६६ टक्के.

एका फोनवर हा फरक किरकोळ वाटतो. महिन्याला १०० फोन जात असतील तर जीएसटी सोडून विक्री १०,६०,००० रुपये होते. ‘विक्रीचे ६ टक्के’ धरून बसलात तर ६३,६०० रुपये येतील असं वाटेल, हातात येतील ६०,०००. हे ३,६०० रुपये म्हणजे सहा फोनांचा नफा. दुकानाचं भाडं, पोऱ्यांचे पगार आणि वीजबिल धरून महिन्याचा खर्च ६२,००० असेल, तर कागदावर फायद्यात दिसणारं दुकान प्रत्यक्षात दर महिन्याला २,००० रुपये तोट्यात चालतं.

जीएसटी काढायला विसरू नका. ११,८०० ला घेतला, १२,५०८ ला विकला, म्हणून ७०८ रुपये सुटले असं काउंटरवर सर्रास बोललं जातं. त्यातले १०८ रुपये सरकारचे आहेत. तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल तर हिशेब वेगळा: खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही आणि ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही, फक्त उलाढालीवर १ टक्का भरावा लागतो. तेव्हा ७०८ मधून १२५ वजा करा, ५८३ उरतात.

आता ठरलेल्या किमतीचा पेच. स्टेशनरीच्या दुकानात खरेदीवर हवे तेवढे टक्के चढवून भाव लावता येतो. फोनची किंमत तुमच्या हातात नाही, गिऱ्हाईक ती आधीच मोबाईलवर पाहून येतं. म्हणून उलटं मोजा, विक्रीपासून खरेदीकडे या. तुम्हाला ८ टक्के मार्जिन हवं असेल तर १०,६०० ला ०.९२ ने गुणा: ९,७५२. जीएसटी सोडून याच्या वर एक रुपयाही द्यायचा नाही. इथे बरेच जण १०,६०० ला १.०८ ने भागतात आणि ९,८१५ काढतात. तो मार्कअपचा हिशेब झाला. प्रत्येक फोनमागे ६३ रुपये जास्त देऊन तुम्ही खरेदी कराल आणि मार्जिन ७.४ टक्क्यांवर येईल.

समोरच्याने मार्कअप सांगितला असेल तर तो मार्जिनमध्ये बदलायला कॅल्क्युलेटर पुरे. ६ असेल तर ६ भागिले १०६, ८ असेल तर ८ भागिले १०८, १० असेल तर १० भागिले ११०. टक्के जितके जास्त, तितकी तफावत मोठी. ६० रुपयांना पडलेलं कव्हर १८० ला विकलं तर मार्कअप २०० टक्के आणि मार्जिन ६६.७ टक्के. म्हणून कव्हर-ग्लासचे टक्के आणि फोनचे टक्के एका ओळीत मांडून सरासरी काढू नका. दोन्हीकडचे रुपये मिळवा आणि मग एकूण विक्रीने भागा.

टक्क्यांचा गोंधळ सगळ्यात महाग पडतो तो सवलत देताना. ‘सहा टक्के आहेत, चला, सहाच्या सहा सोडले, निदान गिऱ्हाईक तरी बांधलं जाईल.’ पण गिऱ्हाईक ६ टक्के विक्रीच्या किमतीवर मागतं. १२,५०८ चे ६ टक्के म्हणजे ७५० रुपये. फोन गेला ११,७५८ ला, पडला होता ११,८०० ला.

साधे ३०० रुपये सोडले तरी काय होतं ते पाहा. सवलत बिलावर दाखवली तर त्यातला जीएसटीचा भाग सुटतो आणि तुमचे २५४ रुपये जातात. पूर्ण किमतीचं बिल फाडून ३०० रुपये गल्ल्यातून हातावर ठेवले तर ३०० च्या ३०० तुमचे. म्हणून सवलत नेहमी बिलावरच लिहा. बिलावर दाखवूनही नफा ३४६ वर आला. आता गिऱ्हाईकाने क्रेडिट कार्ड काढलं. तुमच्या मशीनचा दर २ टक्के असेल तर तो जीएसटीसकट पूर्ण रकमेवर लागतो: १२,२०८ वर २४४ रुपये. राहिले १०२. वर ग्लास फुकट लावून दिली तर तिची खरेदी किंमत यातूनच वजा करा. बँक खात्यातून केलेल्या यूपीआय पेमेंटवर असा दर लागत नाही, तेव्हा घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकाला पैसे कसे देणार ते आधी विचारा, सवलतीचा आकडा नंतर सांगा. हप्त्यावर विक्री असेल तर व्याजाचा भार कंपनी उचलते की तुमच्याकडून कापला जातो, हेही फायनान्सवाल्याकडून आधी लिहून घ्या.

आता स्कीम. ‘आठ टक्के’ असं सांगितलेल्या मालात कधीकधी बिलावर ६ असतात आणि उरलेले २ टार्गेट पुरं झाल्यावर क्रेडिट नोटने येतात. टार्गेट ५० नगांचं असेल आणि तुमचे ४८ गेले, तर ते २ टक्के शून्य होऊ शकतात. विक्रीचा भाव बिलावरच्या खरेदीवरूनच ठरवा. क्रेडिट नोट हातात पडेपर्यंत ती नफ्यात धरू नका. स्कीम व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, पण लेखी घ्या: किती नग, कोणत्या तारखेपर्यंत, मोजणी खरेदीची की अ‍ॅक्टिव्हेशनची, आणि क्रेडिट नोट किती दिवसांत. किंमत उतरली तर शिल्लक मालाचा फरक कोण देणार, तेही त्यातच विचारा. कंपनीने विक्रीची किंमत ८०० रुपयांनी उतरवली आणि फरक मिळाला नाही, तर ११,८०० ला पडलेला फोन ११,७०८ ला काढावा लागेल.

खरेदीचं बिल पक्कं हवं. त्यावर तुमचा जीएसटी नंबर आणि प्रत्येक फोनचा आयएमईआय असू द्या. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतं, त्यात तुमची सगळी बिलं आली आहेत का ते पाहा. पुरवठादाराने बिल चढवलंच नाही, तर या फोनवरचं १,८०० रुपयांचं क्रेडिट अडकतं. मग खरेदी ११,८०० च राहते, विक्रीतून हातात १०,६०० येतात आणि ६ टक्के मार्कअपच्या फोनवर १,२०० रुपयांचा खड्डा पडतो. २०० रुपये स्वस्त देणाऱ्या अनोळखी पार्टीकडून माल उचलण्याआधी एवढं मोजून घ्या. पहिल्या खेपेला मोजकेच नग घ्या, आणि ते बिल २बी मध्ये दिसल्यावरच पुढची ऑर्डर द्या.