फिल्टरच्या आधी गोधडी

पहिली कादंबरी घरी वाचून, रेकॉर्ड करून पाठवली आणि चार दिवसांत एका ओळीचा शेरा आला : ‘वाचन छान आहे, पण खोली ऐकू येते.’ खोली म्हणजे आमची दहा बाय अकराची मागची खोली. गुळगुळीत टाइल्स, उघड्या भिंती, काचेची सरकती खिडकी. मी टेबल एका कोपऱ्यात ढकललं होतं, त्यावर माइक ठेवला होता आणि भिंतीकडे तोंड करून वाचत होते. शेरा वाचल्यावर दोन रात्री सॉफ्टवेअरमधली बटणं दाबण्यात घालवल्या. त्यानंतर जे शिकले ते असं.

१. आधी टाळी वाजवावी. आमच्या ओळखीचे एक जुने ध्वनिमुद्रक घरी आले. मी लॅपटॉप उघडायला लागले तर म्हणाले, “ताई, तो राहू द्या. जिथे बसून वाचता तिथे बसा आणि एक टाळी वाजवा.” वाजवली. टाळीच्या मागे ‘टर्रर्र’ असा बारीक, पत्र्यासारखा आवाज लागला. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा टोलवला जातो, त्याचा हा आवाज. दहा फुटांची खोली असेल तर जाऊन येऊन एका फेरीला सुमारे १८ मिलिसेकंद लागतात. इतक्या कमी वेळात कान दोन आवाज सुटे ऐकत नाही, त्याला फक्त घुमल्यासारखं वाटतं.

टाळीनंतर त्यांनी मला ‘थांब’, ‘टप’, ‘चटकन’ असे झटक्यात संपणारे शब्द म्हणायला लावले, प्रत्येकानंतर दोन सेकंद गप्प. हेडफोन लावून ऐकलं तर प्रत्येक शब्दाला शेपूट. तेव्हापासून खोलीत काहीही हलवलं की मी हेच तीन शब्द पुन्हा नोंदवते आणि आधीच्या नोंदीशी ताडून पाहते. नुसत्या आठवणीवर कान फार फसवतो.

२. सॉफ्टवेअर का हरलं, ते एकदा समजून घेतलं. नॉइज रिडक्शनला आपण शांततेचा एक तुकडा दाखवतो. त्यातली पंख्याची, फ्रिजची घरघर ओळखून ते ती वजा करतं. घुमारा मात्र त्या शांततेत नसतोच. तो माझ्या आवाजाबरोबर जन्मतो आणि माझ्याच आवाजाचा बनलेला असतो, मग ते वजा काय करणार? मी मात्रा वाढवत गेले आणि ‘स’, ‘श’ पाण्याखालून आल्यासारखे बुडबुडे सोडू लागले. नॉइज गेटने शब्दांमधली शेपटं कापली, पण शब्दाच्या पोटातला घुमारा तसाच, त्यामुळे प्रत्येक वाक्य दार आपटल्यासारखं संपायचं. कॉम्प्रेसरने तर उलटंच केलं. तो मोठा आवाज दाबतो, मग आपण एकूण पातळी वर उचलतो, आणि तिच्याबरोबर शेपटंही वर येतात. घुमारा काढणारी वेगळी साधनं आहेत, उरलासुरला थोडा असेल तर ती उपयोगी पडतात. माझा थोडा नव्हता.

३. फुकटातला उपाय म्हणजे अंतर. माझा माइक तोंडापासून दोन फुटांवर होता. तो एका वितीवर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटरवर आणला. गोधडी नाही, पडदा नाही, तरी निम्मा रोग गेला.

कारण साधं आहे. तोंडातून थेट येणारा आवाज अंतर निम्मं केलं की सहा डेसिबलने वाढतो. भिंतींवरून फिरून आलेला आवाज मात्र खोलीत सगळीकडे जवळपास सारखाच पसरलेला असतो, माइक सरकवल्याने त्याला फरक पडत नाही. दोन फुटांवरून वितीवर आले तेव्हा माझा थेट आवाज साडेनऊ डेसिबलच्या आसपास वाढला. तेवढा गेन मी खाली आणला, आणि गेनबरोबर खोलीही तेवढीच खाली गेली. गेन खाली आणायचं विसरलं तर मात्र आवाज फाटतो.

मग वाटलं, आणखी जवळ जाऊ. चार बोटांवर गेले तर आवाज भरदार, पण ढोलासारखा झाला, कारण एका दिशेने ऐकणारे माइक जवळच्या आवाजाचा खर्ज फुगवतात. शिवाय ‘प’, ‘फ’, ‘भ’ची हवा थेट आत. ‘पाऊस पडला’ म्हटलं की दोन धडाके. शेवटी वीतभर अंतर कायम केलं आणि माइक तोंडासमोरून थोडा बाजूला सरकवला. त्याचा रोख मात्र ओठांकडेच आहे, फक्त हवा त्याच्या बाजूने निघून जाते. एवढं जवळ आल्यावर मान हलली तरी आवाज हलतो, म्हणून वाचायचा मजकूर माइकच्या मागे, डोळ्यांच्या उंचीवर लावते.

४. गोधडी माइकच्या मागे नाही, माझ्या मागे. ही चूक मी आधी केली होती आणि बहुतेक जण करतात. माइकच्या पाठीमागच्या भिंतीवर मी रजई टांगली होती. माझा माइक समोरचं ऐकतो, पाठीमागचं कमी ऐकतो. त्याच्या समोर मी, आणि माझ्या खांद्यांवरून दिसणारी सगळी उघडी खोली! म्हणून कपडे वाळत घालायचा स्टँड खुर्चीच्या मागे उभा केला, त्यावर सासूबाईंची जाड गोधडी आणि एक रजई दुहेरी घालून टाकली. डोक्याच्या वर दीड-दोन फूट जाईल इतकी उंच. शेजारचं साड्यांचं कपाट वाचताना उघडं ठेवते, घडीच्या साड्याही बराच आवाज पितात. टेबलावर जाड टॉवेल, पायाखाली सतरंजी. टॉवेलचा फरक मला खरंच अनपेक्षित होता. लाकडावरून उसळून क्षणभर उशिरा माइकपर्यंत पोचणारा आवाज मूळ आवाजात मिसळून त्याला पोकळ करत होता.

पातळ चादरीने मात्र काहीच साधलं नाही. अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला दोघांनी दिला, तो मी मानला नाही.

५. पडद्याला चुण्या हव्यात आणि मागे हवा. खिडकीवर पातळ पडदा ताणून लावलेला होता, तो शोभेचाच. जाड कापडाचा, खिडकीच्या दुप्पट रुंदीचा पडदा घेतला आणि दांडी काचेपासून वीतभर पुढे बसवली. भिंतीला अगदी चिकटून हवेचे कण जवळजवळ हलतच नाहीत, त्यामुळे तिथे कापडाला अडवायला काही मिळत नाही. थोडं अंतर सोडलं की तेच कापड आणखी खालचे सूरही शोषतं. बाहेरचा रिक्षाचा हॉर्न मात्र पडद्याने अडत नाही, गोधडीनेही नाही. त्यासाठी मी पहाटे वाचते.

६. कोपऱ्यातून बाहेर यावं. उत्साहाच्या भरात एकदा चारही बाजूंनी आणि वरून पांघरुणं लावून तंबू केला. टाळी मेली, पण आवाज कोंदट, पेटीतून आल्यासारखा. पांघरुणांनी वरचे सूर खाल्ले आणि खालची घुमघुम तशीच सोडली. शंभर हर्ट्झची लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, तिला दोन इंची रजई काय अडवणार? ही घुमघुम खोलीच्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त साठते, आणि मी तर कोपऱ्यातच बसले होते. टेबल दोन्ही भिंतींपासून तीनेक फूट बाहेर ओढलं, नेमकी मध्यावरची जागा टाळली, वरचं आणि एका बाजूचं पांघरूण काढलं. आवाज मोकळा झाला.

आता सॉफ्टवेअरमध्ये ८० हर्ट्झच्या खालचं कापते, पातळी सारखी करते, बास. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद ठेवून गोधडीपुढे वीस मिनिटांच्या वर बसवत नाही, म्हणून प्रकरणं तेवढ्याच तुकड्यांत वाचते. आणि घरी मुक्कामाला पाहुणे आले की रेकॉर्डिंग बंद, कारण ती रजई त्यांना लागते.